पर्यायांतील चोरवाटा

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रश्नापुढे चार पर्याय दिलेले असतात. तिच्या सरावासाठी यवतमाळ जिल्ह्यातील एखादा शिक्षक पुढील प्रश्न काढतो असे समजू. ‘टिपेश्वर हे काय आहे? (१) किल्ला (२) नदी (३) अभयारण्य (४) धरण.’ प्रश्न निर्दोष भासतो. परंतु ‘हे’ या एका शब्दाने घात केला आहे. किल्ला पुल्लिंगी व नदी स्त्रीलिंगी, म्हणून ते दोन पर्याय कानाला खटकतात व आपोआप गळतात. ज्याने टिपेश्वराचे नावही ऐकलेले नाही, तोसुद्धा उरलेल्या दोहोंत निम्म्या संधीचा धनी होतो. मराठीत लिंगवचनाची ही चोरवाट फार सुलभ आहे.

तिचा उपायही मराठीतच आहे. ‘टिपेश्वर हे नाव कशाचे आहे?’ असे विचारून ‘किल्ल्याचे, नदीचे, अभयारण्याचे, धरणाचे’ असे पर्याय द्यावेत. ‘चे’ हा प्रत्यय ‘नाव’ या शब्दाशी जुळतो. त्यामुळे चारही पर्याय समान होतात.

दुसरी चोरवाट लांबीची होय. ‘काळ्या जमिनीत कोरडवाहू कापूस का तग धरतो?’ या प्रश्नाचे पर्याय पाहा: (१) काळा रंग. (२) ती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते, म्हणून पावसाने ताण दिला तरी मुळांना पाणी मिळत राहते. (३) निचरा. (४) नत्र. उत्तर चुकू नये या काळजीने शिक्षकाने खऱ्या पर्यायालाच स्पष्टीकरण जोडले, आणि त्या लांबीनेच ते उघडे पडले.

येथे चुकीचे पर्याय फुगवणे हा उपाय नव्हे; खरा पर्याय छाटावा व बाकीचे त्याच वाक्यरचनेत बसवावेत: (१) ती पाण्याचा निचरा त्वरित करते. (२) ती उन्हातही एकसंध राहते. (३) ती ओलावा दीर्घकाळ धरते. (४) ती पिकास नत्र विपुल देते. आता प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमज उभा आहे. काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि नत्र तिच्यात कमीच असते. हे ज्यास ठाऊक नाही, तो तेथे फसेल. निवडलेल्या पर्यायावरून त्याचे नेमके काय चुकले, हेही शिक्षकास कळेल.

छाटणी करताना अर्थ मात्र ढळू देऊ नये. वरील उत्तरातून ‘दीर्घकाळ’ हा शब्द गळाला, तर ते संदिग्ध होईल. कारण थोडा ओलावा कोणतीही जमीन धरतेच.

शेवटची कसोटी सोपी आहे. प्रश्न झाकून केवळ चार पर्याय दुसऱ्या शिक्षकास दाखवावेत व उत्तर ओळखण्यास सांगावे. अशा दहा प्रश्नांत केवळ अंदाजाने दोन-तीन उत्तरे जुळणे स्वाभाविक आहे. सात-आठ जुळली, तर पर्यायच उत्तर सांगत आहेत असे समजून ते पुन्हा लिहावेत.