स्प्रेडशीटची पाठशाळा : लेखांक ७ – दोन ठिकाणांमधले अंतर

मागच्या लेखांकात आपण डॉलर चिन्ह लावून एखादा कप्पा सूत्रात कायमचा कसा बांधून ठेवायचा ते पाहिले. आज त्याचाच उपयोग करून अक्षांश-रेखांशांवरून दोन गावांमधले अंतर काढू. त्यासाठी मॅक्रो किंवा प्रोग्रॅम लागत नाही. एकच सूत्र पुरते.

उदाहरणाला मुंबईचे सीएसएमटी आणि पुणे स्टेशन घेऊ. A स्तंभात नाव, B मध्ये अक्षांश आणि C मध्ये रेखांश लिहा:

```
     A         B         C
2    CSMT      18.9398   72.8355
3    Pune      18.5289   73.8744
```

शाळेत शिकलेला पायथागोरस इथे आधी आठवतो. दोन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरून गुणा. असे केले तर उत्तर सुमारे १२४ किलोमीटर येते. ते चुकीचे आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किलोमीटरचाच असतो, पण रेखांशाचा अंश तसा नसतो. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येत जातात. कन्याकुमारीला रेखांशाचा एक अंश सुमारे ११० किलोमीटरचा भरतो, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात १०५चा, तर श्रीनगरला जेमतेम ९२चा. म्हणून पूर्व-पश्चिम फरकाला अक्षांशाच्या कोसाइनने गुणून आखडावे लागते. पुढचे हॅव्हरसाइन सूत्र पृथ्वीचा गोलावाही हिशोबात धरते आणि हे आखडणेही करते. D3 मध्ये हे टाका:

```
=2*6371*ASIN(SQRT(
SIN(RADIANS(B3-$B$2)/2)^2
+COS(RADIANS($B$2))*COS(RADIANS(B3))
*SIN(RADIANS(C3-$C$2)/2)^2))
```

उत्तर येईल ११८.५६ किलोमीटर. ६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या, किलोमीटरमध्ये. वर्गमुळाच्या आत दोन भाग आहेत: पहिला उत्तर-दक्षिण फरकाचा, दुसरा पूर्व-पश्चिम फरकाचा, आणि त्या दुसऱ्याला दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या कोसाइनने गुणले आहे. सीएसएमटीचे कप्पे डॉलरने बांधलेले असल्यामुळे खाली नाशिक, सोलापूर, रत्नागिरी अशी नावे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश लिहून सूत्र ओढले की प्रत्येकाचे मुंबईपासूनचे अंतर मिळते.

सर्वांत जास्त चूक होते ती RADIANS विसरल्याने. SIN आणि COS ही फंक्शने कोन रेडियनमध्ये मागतात. अंश तसेच दिले तर सूत्र कुरकुर करत नाही, कसलीही सूचना देत नाही, निमूटपणे आकडा देते. आपल्या उदाहरणात तो सात हजार किलोमीटरच्या वर जातो. असे अवाढव्य उत्तर दिसले की आधी RADIANS शोधा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिचे उत्तर खरे वाटते. जुन्या नकाशांवर आणि नोंदींत अंश-मिनिटे लिहिलेली असतात. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे १८.३० नव्हे, १८.५. मिनिटांना ६०ने आणि सेकंदांना ३६००ने भागून अंशांत मिळवावे लागते. तसे न केल्यास या एका नोंदीत गाव सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते आणि पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. स्तंभातल्या एकाही संख्येचा दशांश भाग .६०च्या पुढे जात नसेल, तर ती मिनिटेच असावीत असा संशय घ्या.

तिसरी चूक अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीची. काही ठिकाणांहून घेतलेल्या माहितीत अक्षांश आधी असतो, काहींत रेखांश. महाराष्ट्रापुरती ओळख सोपी आहे: इथले अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१ यांच्या दरम्यान असतात. B स्तंभात सत्तरच्या पुढचा आकडा दिसला तर स्तंभ उलटे पडले आहेत.

सूत्राची मर्यादाही ध्यानात ठेवा. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, आपण तिला नेमका गोल मानले आहे. त्यामुळे उत्तरात साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. गावांच्या अंतरासाठी ते चालते, जमीन मोजणीसाठी चालणार नाही. शिवाय हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचे आहे. सीएसएमटी ते पुणे रेल्वेने १९२ किलोमीटर आहे, कारण रुळांना कल्याणवरून वळसा घेऊन बोरघाट चढावा लागतो. म्हणून या आकड्यावर गाडीभाडे किंवा प्रवासभत्ता ठरवू नका. जवळचे केंद्र कोणते, कोणते गाव ठरलेल्या परिघात येते, अशा तुलनेसाठी तो वापरा.

सूत्र शेकडो ओळींवर ओढण्याआधी वरच्या दोन ओळी भरून ११८.५६ येते का ते पाहा. ते आले, तरच पुढे चला.