उत्तर पात: वाढीची दिशा

चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला सुमारे 5 अंश तिरकी आहे. हे दोन मार्ग जिथे छेदतात ते पात, म्हणजेच आपले राहू आणि केतू. तिथे ग्रह नसतो, फक्त बिंदू असतो.

आपल्याकडे राहू म्हटले की धास्ती वाटते. विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य ज्योतिषात मात्र डेन रुड्यार यांच्यासारख्यांनी उत्तर पाताला वाढीची दिशा मानले. दक्षिण पात म्हणजे अंगवळणी पडलेली सवय.

1 जानेवारी 1987 चा जन्म घ्या. सायन पद्धतीने उत्तर पात मेषेत, साधारण 16 अंशांवर; समोर तुळेत दक्षिण पात. वाचन असे: इतरांची मर्जी राखणे या व्यक्तीला सहज जमते, स्वतःचा निर्णय बोलून दाखवणे शिकायचे आहे. तुळेचा समतोल टाकायचा नाही, त्याच्या आधारानेच पुढे जायचे.

मराठी पत्रिकेत हाच राहू मीनेत दिसेल, कारण ती निरयन असते. दोन्हींची सरमिसळ केली की वाचन बिघडते. शिवाय पात एका राशीत सुमारे दीड वर्ष राहतो. म्हणून भाव पाहिल्याशिवाय व्यक्तीबद्दल बोलणे मला उतावळेपणाचे वाटते. या वाचनाला वैज्ञानिक पुरावा नाही. आत्मपरीक्षणासाठीचा प्रश्न म्हणूनच ते वापरावे.