‘वस्तु’ म्हणजे कोणती?

एका निबंधांत वाक्य होतें: ‘जुन्या विहिरीवर पाणी काढण्याच्या पुष्कळ वस्तु होत्या.’ वाचून डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं. ‘वस्तु’ खोडून ‘साधनें’ लिहिलें, तरी मोघमपणा तसाच राहतो. लेखकानें विचारावें: ती वस्तु कशाची, आणि तिचें काम काय? ज्या कातडी पिशवींतून पाणी वर येई, ती मोट. तिच्या तोंडाचा जाड दोर, तो नाडा. सोंडेची बारीक दोरी, तो सोंदूर. नांव ठाऊक नसेल, तर शेतकऱ्यास विचारावें. ‘गोष्टी’चेंही तसेंच. ‘आळस ही वाईट गोष्ट’ असें लिहिण्यापूर्वीं, आळस म्हणजे प्रसंग, अडचण कीं संवय, हें पाहावें. मग ‘आळस ही वाईट खोड’ हें वाक्य आपोआप सुचतें.