विटकरी कोट

सकाळी साडेआठ. मॉनिटरचे रंग स्थिरावेपर्यंत मी काकूंचा अल्बम उघडते. लग्न १९७८ सालचं. काल देताना म्हणाल्या, "लेकीच्या लग्नाचे फोटो याच्याच शेजारी लावायचेत गं. परके दिसायला नकोत." मी आधी नवरदेवाचा कोट बघते. तो काळा होता, आता विटकरी झालाय.

साडेनऊ. स्कॅनरची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद करून तो फोटो स्कॅन केला आणि कोटाच्या सर्वात गडद घडीवर आयड्रॉपर टेकवला. लाल ६२, हिरवा ३८, निळा ३४. फोटोची पांढरी कड मात्र जवळपास पांढरीच, किंचित पिवळसर.

सगळं मर्म इथेच आहे. त्या काळच्या रंगीत कागदातला निळसर रंग कपाटातल्या अंधारातही उडायचा, आणि लाल प्रकाश शोषायचं काम त्याचंच. काळ्या भागात तो सर्वात दाट होता, म्हणून तिथलं नुकसान सर्वात जास्त. पांढऱ्यात रंगच नव्हता, तर उडणार काय? अख्ख्या फोटोवर पिवळी छटा ओढली की तो जुना वाटत नाही, चहा सांडल्यासारखा वाटतो. म्हणून कर्व्ह्‌जमध्ये मी लेकीच्या फोटोत तिन्ही रंगांची फक्त काळी टोकं त्या आकड्यांपर्यंत उचलते. पांढरी टोकं जवळजवळ जागच्या जागी.

दुपारी एक. लेकीच्याच फोटोतल्या, मांडवातल्या दिव्यांच्या माळा. फिल्मवर प्रखर प्रकाश थर भेदून खालच्या पारदर्शक पट्टीपर्यंत जातो आणि उलटा फिरतो. परतताना आधी लागतो तो सर्वात खालचा, लाल प्रकाश टिपणारा थर, म्हणून दिव्याभोवती तांबूस वलय उमटतं. हेच हॅलेशन. उजळ भाग निवडून, धूसर करून, तांबूस रंगात स्क्रीन मोडने वर ठेवला, तर दिव्यांबरोबर भटजींचं धोतरही गुलाबी झालं! जेपेगमध्ये दोन्ही २५५च असतात. रॉ फाइलमध्ये दिवा धोतरापेक्षा कितीतरी प्रखर निघतो. तिथून निवड केली, तेव्हा धोतर सुटलं.

चार. ग्रेन सगळ्यात शेवटी, फोटो चार बाय सहा इंचाच्या मापात आणल्यावरच. आधी घातला तर लहान करताना पुसला जातो. गालांवर आणि मांडवाच्या कापडावर तो जाणवावा, कागदाच्या पांढऱ्यावर नाही.

साडेसहा. चाचणीची प्रिंट कोटाशेजारी ठेवली. जावयाची शेरवानी जास्तच फिकी! चूक माझीच. आमच्या प्रिंटचा काळा मुळातच पूर्ण काळा नसतो, त्यावर मी स्कॅनचे आकडे जसेच्या तसे चढवले. लाल ४६, हिरवा २४, निळा २१ करून पुन्हा काढली.

आठ. काकूंनी दोन्ही फोटो ट्यूबलाइटखाली धरले. मग काही न बोलता नवा फोटो अल्बमच्या कोपऱ्यांत बसवायला लागल्या.