तीन वाक्यांतील वक्तापरिचय

परिषदेत वक्त्याची ओळख करून देण्यासाठी निवेदकाच्या हाती सहसा त्या वक्त्याचे संपूर्ण जीवनवृत्त येते. जन्म, शिक्षण, पदे, ग्रंथ, पुरस्कार, समित्यांवरील सदस्यत्व अशी त्याची दोन-तीन पाने असतात. बोलायला मात्र अर्धे मिनिट मिळते, म्हणजे सावकाश, स्पष्ट वाचले तर फार तर साठ शब्द. या दोहोंमधील अंतर कसे कापावे, ही एक स्वतंत्र संपादनविद्या आहे.

वक्त्याविषयीच्या लेखनाचे तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. जीवनवृत्त ही नोंद असते आणि तिच्यात काहीही गाळायचे नसते. कार्यक्रमपत्रिकेतील मुद्रित परिचय डोळ्यांनी वाचला जातो. वाचक मागे जाऊन एखादी ओळ पुन्हा पाहू शकतो. मौखिक परिचय कानांनी एकदाच ऐकला जातो. बहुतेक कंटाळवाण्या परिचयांचे मूळ एवढेच असते, की मुद्रित परिचय तसाच मोठ्याने वाचला जातो. त्यातील माहिती श्रोत्यांच्या मांडीवरील पत्रिकेत आधीच छापलेली असते.

उदाहरणासाठी दिवंगत खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे चरित्र घेऊ. जन्म कोल्हापूर, 1938. बालपण व पदवीपर्यंतचे शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरात, जिथे वडील गणिताचे प्राध्यापक होते. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर. फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. आणि 1964 साली त्यांच्याबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त. वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. 1972 पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या आयुकाचे संस्थापक संचालक. 1996 चा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, 2004 साली पद्मविभूषण. शिवाय विज्ञानकथा, कादंबऱ्या, पाठ्यपुस्तके आणि शेकडो शोधनिबंध.

आता कल्पना करू, की 2010 साली पुण्यात वैज्ञानिक दृष्टिकोनावर परिषद भरली आहे आणि ते ‘दावा आणि पुरावा’ या विषयावर बोलणार आहेत. या चरित्रातील कोणती गोष्ट या विषयाशी थेट बांधलेली आहे? वर दिलेल्या यादीतील एकही नाही. ती गोष्ट म्हणजे 2008 साली त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह घेतलेली फलज्योतिषाची चाचणी. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतील दोनशे कुंडल्या गोळा करून, कोणती कुंडली कोणत्या गटातली हे ज्योतिष्यांनी सांगावे, अशी तिची मांडणी होती. जीवनवृत्तात या चाचणीला एखादी ओळ मिळाली तर मिळाली. त्या दिवसाच्या परिचयाची पहिली जागा मात्र तिचीच.

म्हणून छाटणीला सुरुवात जीवनवृत्ताच्या वरच्या टोकाकडून करू नये. आधी व्याख्यानाचा विषय कागदावर लिहावा आणि मग चरित्रातील प्रत्येक नोंदीला विचारावे, की या विषयावर बोलण्याचा अधिकार हिच्यातून दिसतो का. या प्रश्नापुढे सीनियर रँग्लर गळतो. रँग्लर परांजप्यांची परंपरा ठाऊक असलेल्या पुणेकर सभागृहात ही नोंद गाळणे निवेदकाला जड जाते, हे मी समजू शकतो. पण मोह आवरायचा असतो तो इथेच. हॉईल-नारळीकर सिद्धान्तही गळतो, कारण तो समजावून सांगायला चौथे आणि पाचवे वाक्य लागेल. जे नाव घेताच समजावून सांगावे लागते, ते तीन वाक्यांत बसत नाही. उरते ते असे:

“कुंडलीवरून मुलाची बुद्धिमत्ता ओळखता येते का, हे तपासणारी चाचणी 2008 साली महाराष्ट्रात आजच्या वक्त्यांनी सहकाऱ्यांसह घेतली. आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक असून, विश्वाच्या उत्पत्तीविषयीचे सिद्धान्त निरीक्षणांवर पडताळणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम आहे. ‘दावा आणि पुरावा’ या विषयावर आता बोलतील डॉ. जयंत विष्णू नारळीकर.”

हे शब्द पन्नासाच्या आत आहेत. पहिले वाक्य विषयाशी जोडलेली कृती सांगते, दुसरे त्या कृतीमागचा अधिकार, आणि तिसरे विषय व नाव. नाव शेवटी येते, कारण नावानंतर टाळ्या होतात आणि टाळ्यांनंतरचे वाक्य कोणाला ऐकू येत नाही. चाचणीचा निकाल मात्र मुद्दाम सांगितलेला नाही. ज्योतिष्यांची सरासरी अचूकता 46 टक्के निघाली, म्हणजे नाणे उडवून जेवढी जमेल साधारण तेवढीच. पण हा आकडा वक्त्याने स्वतः उलगडायचा आहे. परिचयात तो फोडणे म्हणजे व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाचा क्षण हिरावून घेणे होय.

विषय बदलला की याच चरित्रातून दुसराच परिचय निघतो. परिषद विज्ञानसाहित्याची असेल तर पहिले वाक्य 1974 चे हवे: मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. दुसऱ्या वाक्यात ते जगताप म्हणजे एक खगोलशास्त्रज्ञ होते आणि पुढे त्यांनी ‘प्रेषित’ व ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या लिहिल्या, हे सांगावे. आधीच्या परिचयातले एकही वाक्य इथे चालत नाही, आणि छाटणी बरोबर झाल्याची ही उत्तम खूण आहे. जो परिचय कोणत्याही व्यासपीठावर चालतो, किंवा नाव बदलून दुसऱ्या वक्त्यालाही लागू पडतो, तो अजून छाटायचा राहिलेला असतो.

मराठीच्या वाक्यरचनेमुळे इथे एक खास अडचण येते. आपले क्रियापद शेवटी असते आणि विशेषणे नामाच्या आधी. तीन वाक्यांचे बंधन पाळण्यासाठी निवेदक ‘कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले, टाटा संस्थेत प्राध्यापक राहिलेले आणि’ अशी साखळी करतो, आणि श्रोत्याला कर्ता व क्रियापद मिळेपर्यंत सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. वाक्यांची संख्या तीनच राहते, पण छाटणी झालेली नसते. एका वाक्यात सुमारे वीस शब्द आणि एकच मुख्य विधान, ही मर्यादा ठेवावी. मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर ते वाक्य लांब आहे.

पुरस्कारांविषयी एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. पद्म पुरस्कार ही उपाधी नाही, त्यामुळे तो नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालच्या बालाजी राघवन खटल्याच्या निकालात स्पष्ट केले आहे. ‘पद्मविभूषण डॉ. नारळीकर’ असे म्हणू नये. सन्मान सांगायचाच असेल तर ‘पद्मविभूषणाने सन्मानित’ असे वाक्याच्या अंगात सांगावे. ‘पहिले’, ‘एकमेव’, ‘सर्वश्रेष्ठ’ ही विशेषणे पुरावा हाती असल्याशिवाय वापरू नयेत, कारण सभागृहात ती खोडून काढू शकणारा जाणकार बसलेला असू शकतो.

पदांच्या बाबतीत काळ तपासावा. संचालकपद 2003 साली सुटले असेल तर 2010 साली ‘संचालक आहेत’ हे चूक ठरते. ‘संस्थापक संचालक’ हा शब्दप्रयोग तेव्हाही खरा राहतो. पाठवलेले जीवनवृत्त अनेकदा चार-पाच वर्षे जुने असते. म्हणून तयार झालेली तीन वाक्ये दोन दिवस आधी वक्त्याला पाठवावीत आणि नावाचा उच्चार, सध्याचे पद व व्याख्यानाचे अंतिम शीर्षक एवढ्याच तीन गोष्टींची खातरजमा मागावी. ‘काही सुचवायचे आहे का’ असे विचारले, तर गाळलेला पुरस्कार परत येतो आणि त्याच्यासोबत आणखी दोन.