डॉक्टर मॅडमबरोबर एक दिवस

पहाटे ५.४०
तांबडी गाय गोठ्यात बसलीय, उठत नाही. काल दुपारी व्यायली, तिसरं वेत. कान गार, नाक कोरडं, मान वळवून कुशीवर टेकवलेली. सासूबाई गुळाचं पाणी पाजायला नळकांडं घेऊन आल्या. मी मॅडमना फोन लावला. त्यांचं पहिलं वाक्य, "तोंडात काही ओतू नका ताई. तिला गिळता येत नाहीये, पाणी फुप्फुसात जाईल. आडवी पडू देऊ नका. छातीवर बसवा, दोन्ही बाजूंनी पोती लावा. मी निघतेय."

आमच्या दूध डेअरीला कायमचा डॉक्टर नेमायचाय. सभासदांनी मतं द्यायची आहेत. आज मी दिवसभर मॅडमबरोबर राहणार, हे कालच ठरलं होतं. पहिली पेशंट माझीच निघाली.

६.१५
मॅडमनी स्कूटर अंगणात लावली. पिशवी खाली ठेवून त्या आधी गाईच्या समोर गेल्या, मानेवरून हात फिरवला, मग मागं येऊन थर्मामीटर लावला. ताप नाही. उलट अंग गार, ९७.६. एरवी १०१ च्या वर असतं. "चीक उतरला की रक्तातलं कॅल्शियम एकदम कासेत जातं. स्नायू ढिले पडतात. हृदयसुद्धा स्नायूच आहे."

सुई काढायच्या आधी पैसे सांगितले. येण्याचे तीनशे, बाटली आणि नळी मिळून साडेचारशे. "दुसरी लागली तर चारशे वाढतील. विचारूनच लावेन."

६.२५
साडेचारशे मिलीची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली. मी म्होरकी धरली. मानेची शीर अंगठ्यानं दाबून फुगवली, सुई एकदाच टोचली. गाय हललीसुद्धा नाही. मग एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप छातीवर. वीस मिनिटं त्या तशाच वाकून उभ्या. बाटली जितकी उंच धरावी तितकं औषध जोरात जातं, आणि जोरात गेलं तर हृदय बंद पडू शकतं. मध्ये एकदा ठोके चुकल्यासारखे वाटले. त्यांनी नळी चिमटीत दाबली, थांबल्या, ऐकलं, पुन्हा सोडली. सात मिनिटांत बाटली रिकामी करून गाडीला किक मारणारे लोक मी पाहिलेत. मला या वीस मिनिटांचं मोल कळतं.

६.५०
मांड्या थरथरल्या. गायीनं ढेकर दिला, शेण टाकलं. नाकावर घामाचे थेंब आले. मॅडम म्हणाल्या, "आता ओढू नका. तिची ती उठेल." सव्वासातला उठली.

"दोन दिवस कास पूर्ण मोकळी करू नका. वासरापुरताच चीक काढा. या दोन दिवसांत पुन्हा बसू शकते. कान गार लागले की लगेच फोन." मला म्हणाल्या, काय सांगितलं ते परत सांगा. मी सांगितलं.

१०.३०
पुढची वस्ती. संकरित गाय, मागच्या डाव्या सडाला दगडी. दुधात गुठळ्या. सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा लागणार. मॅडमनी खर्चात दूधही धरलं. ट्यूबा चालू असताना आणि शेवटच्या ट्यूबनंतरही तीन दिवस डेअरीला घालायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही. रोजचं बारा लिटर, तीसचा भाव, म्हणजे नंतरच्या तीन दिवसांचेच एक हजार ऐंशी. मालक गप्प झाला. मग म्हणाला, तीन सडांचं तर चांगलं आहे ना? "औषध रक्तात मिसळतं दादा. चारही सडांतून उतरतं." हा खर्च कुणी आधी बोलून दाखवत नाही. दुसऱ्या दिवशी गुठळ्या गेल्या की लोक दूध घालतात, ट्यूबाही बंद करतात, आणि पंधरा दिवसांत तोच सड पुन्हा कडक होतो.

एक गोष्ट मला खटकली. दूध किती दिवस टाकायचं हे त्यांनी तोंडीच सांगितलं. धार काढणारी त्याची बायको तेव्हा शेतात होती. मी बोलले. मॅडमनी वहीचं पान फाडून तारीख लिहिली आणि कागद गोठ्याच्या खांबाला खोचला.

दुपारी २
झाडाखाली डबा. मॅडमची वही पाहिली. नऊ नावांपुढे उधारी. पेट्रोल रोज दोनशेचं. उधारीवाल्याकडे पहाटे जाता का, मी विचारलं. "गायीनं कुठं उधारी केलीय?"

४.१५
महिन्याच्या कालवडीची शिंगं जाळायची. शिंगाच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन, साठ रुपये जादा. मालक म्हणाला, पाच जण धरतो, इंजेक्शन कशाला. मॅडम म्हणाल्या, त्याशिवाय मी करत नाही. दहा मिनिटं थांबल्या, सुईनं टोचून पाहिलं, मगच लोखंड तापवलं. एका माणसानं धरलेली कालवड शांत उभी राहिली.

रात्री ८.३०
फोन वाजला. मी करायच्या आधी त्यांनीच केला. "कान?" गरम. "रवंथ?" करतेय. "शेण?" टाकलं. "वार पडली?" कालच. पुढच्या वेळी गाभण गायीला शेवटचे तीन आठवडे लसूणघास कमी द्यायचा, त्यात कॅल्शियम जास्त असतं, तेही आत्ताच सांगून ठेवलं. सकाळी परत बघून जाते म्हणाल्या. त्याचे पैसे किती, मी विचारलं.

"या आजाराची दुसरी चक्कर तीनशेतच धरलेली असते, ताई."

डेअरीच्या कागदावर मी त्यांचं नाव लिहिलं. खाली एक अट घातली: दूध टाकायची तारीख दर वेळी लेखी द्यावी.