रात्री अडीच वाजता मंदावणारा सर्व्हर

पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबची ही गोष्ट. लॅब आणि माणसं रचलेली आहेत, पण त्यातला तांत्रिक दुवा न् दुवा खरा आहे. असा बिघाड सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो.

लॅबचे रिपोर्ट डॉक्टरांना संगणकावर दिसतात. दिवसभर सगळं सुरळीत चालतं. रात्री मात्र एखाद्या अत्यवस्थ रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट उघडायला मिनिटभर लागतं, कधी पान उघडतच नाही. "मॅडम, दोनला सगळं ठीक असतं. अडीच वाजले की अडकतं, आणि चारपर्यंत तसंच," असं रात्रपाळीच्या टेक्निशियनने सिस्टिम ॲडमिनला फोनवर सांगितलं.

तिच्या दृष्टीने या तक्रारीतला सगळ्यात मोलाचा शब्द होता 'अडीच'. वर्दळीमुळे सर्व्हर मंदावला तर त्याची वेळ रोज थोडीफार मागेपुढे होते. इथे तसं होत नव्हतं. रोज एकाच मिनिटाला सुरू होणारा त्रास म्हणजे कुठेतरी वेळापत्रक लावलेलं असणार.

लिनक्स सर्व्हरवर हे वेळापत्रक 'क्रॉन' नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. 1979 साली बेल लॅब्समधून आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि आजही जगभरचे सर्व्हर त्याच्यावर विसंबून आहेत. तो दर मिनिटाला जागा होतो, यादी पाहतो आणि ज्याची वेळ झाली असेल ते काम सुरू करून देतो. त्या कामाची कुणाला अजून गरज आहे का, हे तो विचारत नाही. त्याने ते विचारावं अशी अपेक्षाही नाही.

तिने मुख्य खात्याची, म्हणजे रूटची यादी उघडली. त्यात रात्री एकचा बॅकअप होता. तो वीस मिनिटांत संपत होता. अडीचच्या नावाने काहीच नव्हतं. मग तिने लॉगमध्ये 02:30च्या आसपासच्या ओळी पाहिल्या. तिथेही शांतता.

मॉनिटरिंगच्या आलेखाने तर कोडं आणखी वाढवलं. अडीचला सर्व्हरचा 'लोड' एकदम चढत होता, आणि तरीही प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला दिसत होता. नवशिक्या माणसाला यात विसंगती वाटते. पण लिनक्स लोड मोजताना प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबर डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली कामंही मोजतं. लोड जास्त आणि प्रोसेसर मोकळा असेल तर संशय पहिल्यांदा डिस्कवर घ्यायचा. म्हणजे कुणीतरी अडीच वाजता डिस्क अडवून बसत होतं. कोण, ते सकाळी कळणार नव्हतं, कारण तोवर ते काम संपून गेलेलं असायचं.

त्यासाठी ती रात्री जागली. अडीच वाजून गेल्यावर तिने डिस्कसाठी अडकलेल्या कामांची यादी काढली:

```
ps -eo pid,ppid,user,stat,cmd | awk '$4 ~ /^D/'
```

चौथ्या रकान्यातलं D हे अक्षर म्हणजे डिस्कवर खोळंबलेलं काम. यादीत रिपोर्ट दाखवणारी बरीच कामं होती. त्यांना तर त्रास होत होता. त्यांच्यात एक अनोळखी नाव होतं, `tar`, म्हणजे खूप फाइलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्रॅम. तो ज्या खात्यावर चालला होता ते खातं नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचं होतं. दुसऱ्या रकान्यात त्याला सुरू करणाऱ्या कामाचा क्रमांक असतो. त्यावरून दोन पायऱ्या वर गेल्यावर क्रॉन सापडला.

रूटची यादी पाहून हे दिसलं नव्हतं, कारण क्रॉनमध्ये प्रत्येक खात्याची यादी वेगळी असते. सहकारी गेला तेव्हा त्याचा पासवर्ड बंद केला होता. त्याने लॉगिन थांबतं, पण साधारणपणे त्या खात्याची क्रॉनची कामं चालूच राहतात. त्याच्या यादीत एकच ओळ होती:

```
0 21 * * * /home/migr/copy.sh >/dev/null 2>&1
```

पहिले पाच रकाने मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार सांगतात. तारा म्हणजे 'कोणताही'. म्हणजे रोज रात्री नऊ वाजता. मग अडीच कुठून आले? हा सर्व्हर भाड्याने घेतलेला होता आणि त्याचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर ठेवलेलं होतं. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. तिथे नऊ वाजले की इथे पहाटेचे अडीच. तिच्या हाताखालचे बाकीचे सर्व्हर भारतीय वेळेवर होते, आणि मॉनिटरिंगचा आलेखही पाहणाऱ्याच्या वेळेनुसार दिसत होता. लॉगमध्ये तिने 02:30ला जी शांतता पाहिली ती खरं तर सकाळी आठची होती. भारतात रोजचा त्रास नेमका अर्ध्या तासावर सुरू होत असेल, तर यूटीसीत तो पूर्ण तासावर पडतो का, हे पाहिलेलं बरं. कामं लावताना माणसं बहुतेक पूर्ण तासच निवडतात.

`copy.sh`मध्ये दोनच आज्ञा होत्या. पहिली सगळ्या रिपोर्टांचा गठ्ठा बांधत होती, दुसरी तो जुन्या सर्व्हरवर पाठवत होती. स्थलांतराच्या काळात, काही बिघडलंच तर हाताशी प्रत असावी म्हणून, कुणीतरी काळजीपोटी लावलेलं हे काम. जुना सर्व्हर केव्हाच बंद झाला होता. पाठवणं रोज फसत होतं, आणि गठ्ठा रोज त्याच नावाने पुन्हा बांधला जात होता. त्यामुळे डिस्क भरण्याचीही खूण मिळाली नाही. एरवी क्रॉन कामाचा मजकूर आणि चुका खातेदाराला मेल करतो. ओळीच्या शेवटी असलेल्या `>/dev/null 2>&1`ने तोही दरवाजा बंद केला होता.

हे काम आधी कुणाला का जाणवलं नाही, ते गणिताने कळतं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कला कुठेतरी विखुरलेली एक फाइल गाठायला साधारण 12 मिलिसेकंद लागतात. लॅबकडे 30 हजार रिपोर्ट होते तेव्हा एवढ्याने सहा मिनिटं गेली असती. रिपोर्ट 3 लाखांवर गेले तेव्हा निव्वळ शोधाशोधीलाच तास लागू लागला. ओळ तीच राहिली, तिच्याखालचा ढिगारा दसपट झाला. आणि काम संपल्यावरही सर्व्हर लगेच सावरत नव्हता. सतत लागणारा मजकूर लिनक्स मेमरीत धरून ठेवतं. एवढ्या फाइली वाचताना तो बाहेर ढकलला जायचा आणि पुन्हा डिस्कवरून आणावा लागायचा. चारपर्यंतचा त्रास तो हाच.

तिने ओळ पुसली नाही. पुढे `#` लावून ती निष्क्रिय केली आणि शेजारी तारीख व कारण लिहिलं. जुन्या माणसाने लावलेलं काम कुणाच्या तरी उपयोगाचं निघू शकतं, आणि तसं निघालं तर परत लावायला ओळ जशीच्या तशी हाताशी हवी. त्या रात्री अडीचला आलेख सपाट राहिला.

मग तिने प्रत्येक सर्व्हरवर सगळ्या खात्यांच्या याद्या एकदम काढल्या:

```
for u in $(cut -d: -f1 /etc/passwd); do crontab -l -u $u; done
```

एवढ्यानेही सगळं दिसत नाही. `/etc/cron.d`मध्ये वेगळ्या ओळी असतात, आणि नव्या लिनक्समध्ये `systemctl list-timers`ने दिसणारं दुसरं वेळापत्रकही असतं. तेही तिने पाहिलं. आणखी दोन बेवारस कामं सापडली. एक जुन्या लॉग फाइली पुसणारं होतं, ते तिने स्वतःच्या नावावर घेतलं. दुसरं दर महिन्याच्या 1 तारखेला एक फाइल बाहेर पाठवत होतं. हिशेब विभागात कुणाला विचारलं तरी ते कुणाचं ते सांगता येईना. ते तिने चालू ठेवलं. ओळीच्या शेवटचं `/dev/null` काढलं आणि यादीत `MAILTO` लावून स्वतःचा पत्ता लिहिला, म्हणजे पुढच्या 1 तारखेला ते चुकलं तर निदान मेल येईल.